जमावाचं कृत्य सरकारचं कधी ठरतं?

१९७९ सालच्या ४ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीसमोर तीन हजारांच्या आसपास निदर्शक जमले होते. इराणचे पदच्युत शाह कर्करोगाच्या उपचारांसाठी दोन आठवड्यांपूर्वी अमेरिकेत पोहोचले होते आणि त्यावरून शहर तापलं होतं. त्या गर्दीतून काहीशे जणांची सशस्त्र तुकडी फाटक आणि भिंत ओलांडून आत शिरली. वकिलातीच्या बंदोबस्ताला नेमलेले इराणी पोलिस जागेवरून दिसेनासे झाले. आतल्या अधिकाऱ्यांनी पोलादी दरवाजे लावून घेतले आणि मदतीसाठी फोनामागून फोन केले. वरच्या मजल्यावर शिरकाव करायला हल्लेखोरांना दोन तासांहून जास्त वेळ लागला, तरी त्या वेळात इराण सरकारचा एकही शिपाई फिरकला नाही. गंमत म्हणजे अमेरिकेचे प्रभारी राजदूत ब्रूस लेंगन त्या वेळी इराणच्या परराष्ट्र मंत्रालयातच बसले होते आणि समोरासमोर मदत मागत होते. त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना पुढे त्याच इमारतीत अडकून पडावं लागलं.

वकिलात ताब्यात घेणारे स्वतःला इमामांच्या मार्गाने जाणारे विद्यार्थी म्हणवत. ते पोलिस नव्हते, सैनिक नव्हते, कुठल्या खात्याचे नोकरही नव्हते. मग त्यांनी केलेल्या कृत्याबद्दल इराण या देशाला जबाबदार धरायचं ते कशाच्या आधारावर? अमेरिकेने हा प्रश्न हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेला. २४ मे १९८० रोजी त्याचा निकाल लागला. एखादं कृत्य देशाच्या खात्यावर कसं मांडायचं हे शिकवताना कायद्याचे प्राध्यापक आजही या निकालापासून सुरुवात करतात.

देश म्हणजे कोण?

देश स्वतः काहीच करत नाही, करतात ती माणसं. त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याला आधी हे ठरवावं लागतं की कुठल्या माणसाचं कृत्य देशाचं मानायचं. याचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने अनेक दशकं खपून तयार केले. ऑस्ट्रेलियाचे जेम्स क्रॉफर्ड यांच्या देखरेखीखाली २००१ साली त्यांचा ५९ कलमांचा अंतिम मसुदा झाला. तो करार नाही, त्यावर कुठल्याही देशाची सही नाही. आमसभेने त्याची फक्त नोंद घेतली. तरीही न्यायालयं आणि लवाद त्याचा आधार घेतात, कारण त्यातला बराचसा भाग आधीच रूढ झालेल्या प्रथेला शब्दरूप देणारा आहे.

मूळ नियम सोपा आहे. सरकारी यंत्रणेतली व्यक्ती, मग ती पंतप्रधान असो, न्यायाधीश असो, प्रांतिक सरकारचा अधिकारी असो की चौकीवरचा हवालदार, पदाच्या नात्याने जे करते ते देशाचं कृत्य. तिने वरिष्ठांचा हुकूम मोडून केलं तरीही देशाचंच. ‘आम्ही त्याला तसं सांगितलं नव्हतं’ ही सबब परक्या देशापुढे चालत नाही. याउलट खासगी व्यक्तीने केलेलं कृत्य एरवी देशाचं ठरत नाही. रस्त्यावरच्या कुणीही परदेशी माणसाला मारलं की त्या देशाचं सरकार दोषी, असं झालं तर कुठल्याच देशाला सुटका राहणार नाही.

या दोन टोकांच्या मध्ये तेहरानचे विद्यार्थी उभे होते. न्यायालयाने त्यांचा प्रश्न सोडवताना घटनेचे दोन टप्पे पाडले.

पहिला टप्पा : हल्ल्याचा दिवस

अयातुल्ला खोमेनी यांनी त्याआधीच्या दिवसांत अमेरिकेविरुद्ध जळजळीत भाषणं केली होती. विद्यार्थ्यांना उद्देशून आवाहनंही केली होती. अमेरिकेच्या दृष्टीने एवढं पुरेसं वाटण्यासारखं होतं. न्यायालयाला ते पुरेसं वाटलं नाही. सर्वसाधारण चिथावणी वेगळी आणि ‘ही वकिलात ताब्यात घ्या’ असं नेमून दिलेलं काम वेगळं. सरकारच्या कुठल्याही अधिकृत घटकाने या विद्यार्थ्यांवर हे विशिष्ट काम सोपवल्याचा पुरावा समोर नव्हता. हल्ल्यानंतर त्यांचं अभिनंदन झालं, पण नंतर केलेल्या अभिनंदनावरून आधी दिलेला हुकूम सिद्ध होत नाही. म्हणून ४ नोव्हेंबरचा हल्ला हे इराण या देशाचं कृत्य नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं.

याचा अर्थ इराण त्या दिवसापुरता सुटला असा मात्र नाही. राजनैतिक संबंधांबाबतच्या १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार परक्या वकिलातीचं रक्षण करणं हे यजमान देशाचं कर्तव्य असतं. जमाव सरकारचा नसेल, पण जमावाला अडवण्याचं काम सरकारचंच होतं. ते केलं नाही हा इराणचा स्वतःचा गुन्हा. इथे इराणवर ठपका येतो तो हल्ल्याचा नव्हे, निष्क्रियतेचा.

निष्क्रियता सिद्ध कशी करायची? सरकार नेहमीच म्हणू शकतं की परिस्थिती हाताबाहेर गेली होती, क्रांतीनंतरचे दिवस होते, फौजफाटा नव्हता. न्यायालयाने यावर तुलना करून पाहिली. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला याच वकिलातीवर सशस्त्र टोळी चालून आली होती. तेव्हा सरकारचे लोक धावून आले होते, ताबा काढून घेतला होता आणि नंतर दिलगिरीही व्यक्त केली होती. १ नोव्हेंबरला वकिलातीसमोर मोठी निदर्शनं झाली तेव्हा पोलिस बंदोबस्त टिकला होता. ५ नोव्हेंबरला, म्हणजे ताबा घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीत लोक घुसले, पण ते प्रकरण लवकरच मिटवण्यात आलं. केरमानशाहमधल्या इराकी वाणिज्य दूतावासाचंही तसंच झालं. १ जानेवारी १९८० रोजी सोव्हिएत वकिलातीवर जमाव आला, तेव्हाही तिचं रक्षण झालं. म्हणजे इराणकडे ताकद होती, कर्तव्याची जाणीवही होती. अमेरिकी वकिलातीच्या वेळी ती वापरायची इच्छा नव्हती. ‘जमलं नाही’ आणि ‘केलं नाही’ यांतला फरक असा घटना शेजारी-शेजारी मांडूनच दाखवता येतो.

दुसरा टप्पा : सरकारने हात पाठीवर ठेवला

हल्ल्यानंतरचे दिवस निर्णायक ठरले. ६ नोव्हेंबरला पंतप्रधान मेहदी बझारगान यांचं हंगामी सरकार पायउतार झालं. १७ नोव्हेंबरला खोमेनींनी फर्मान काढलं. काही स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कर्मचारी यांना सोडायला त्यांनी मुभा दिली आणि पुढच्या तीन दिवसांत १३ जण सुटले. पण बाकीच्यांबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं की अमेरिका शाहना परत पाठवेपर्यंत आणि त्यांची संपत्ती इराणच्या हवाली करेपर्यंत वकिलात आणि ओलीस आहेत तसेच राहतील.

या फर्मानाने चित्र पालटलं. आता ओलिसांना डांबून ठेवणं हे देशाच्या सर्वोच्च सत्तेने ठरवलेलं धोरण झालं होतं. सरकारने परिस्थिती नुसती खपवून घेतली नाही, तिचा दबावासाठी उपयोग केला. त्या क्षणापासून विद्यार्थी हे इराण या देशाचे हस्तक ठरले आणि त्यांच्या प्रत्येक कृत्याचा भार इराणवर आला. २००१च्या मसुद्यातलं अकरावं कलम हेच सांगतं : दुसऱ्याचं कृत्य देशाने आपलं म्हणून मान्य केलं आणि स्वीकारलं, तर ते देशाचं कृत्य होतं. निव्वळ कौतुक किंवा सहानुभूती एवढ्याने हे कलम लागत नाही. ‘हे आमचं, आणि ते असंच चालू राहील’ अशी भूमिका लागते.

इराणने करार मोडला, हे न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं. ओलिसांना ताबडतोब सोडा हा आदेश मात्र एकमताचा होता. सोव्हिएत आणि सीरियन न्यायाधीशांनीही त्याला मत दिलं.

पैसा पुरवला म्हणजे हुकूम दिला?

सहा वर्षांनी हेच न्यायालय अमेरिकेला आरोपीच्या जागी बसवून निकाल देत होतं. अध्यक्षपदी तेव्हा भारताचे नागेंद्र सिंह होते. निकाराग्वातल्या डाव्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या कॉन्ट्रा बंडखोरांना अमेरिका पैसा, शस्त्रं, प्रशिक्षण आणि माहिती पुरवत होती. कॉन्ट्रांनी गावकऱ्यांवर केलेले अत्याचार त्यामुळे अमेरिकेचे ठरतात का? २७ जून १९८६च्या निकालाने याला ‘नाही’ असं उत्तर दिलं. एवढी मोठी मदत असली तरी त्या विशिष्ट कारवायांवर अमेरिकेचं प्रत्यक्ष आणि परिणामकारक नियंत्रण होतं, हे दाखवायला हवं होतं आणि ते दाखवता आलं नाही. मात्र निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरण्याचं काम अमेरिकी यंत्रणेच्या हुकमावरून झालं होतं, ते अमेरिकेच्याच खात्यावर गेलं. शिवाय बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं ही अमेरिकेची स्वतःची कृती होती, आणि ती बेकायदा ठरली.

ही कसोटी फार कडक आहे अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठी नेमलेल्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने १९९९मध्ये संघटित गटांसाठी सैल कसोटी मांडली. गटावर एकूण नियंत्रण असलं की पुरे, असं तिचं म्हणणं. पण स्रेब्रेनित्साच्या नरसंहाराबद्दल बोस्नियाने सर्बियावर भरलेल्या खटल्यात, २००७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालय आपल्या जुन्या कसोटीवर ठाम राहिलं. बोस्नियन सर्ब सैन्याने केलेला नरसंहार सर्बियाचं कृत्य ठरला नाही. पण तो रोखण्यासाठी आपलं वजन वापरायचं कर्तव्य सर्बियाने पाळलं नाही, म्हणून सर्बिया दोषी ठरला. तेहरानच्या पहिल्या टप्प्याचाच हा धडा. कृत्य दुसऱ्याचं असलं तरी ते अडवण्याची जबाबदारी आपली असू शकते.

उत्तर द्यायचं तर किती?

आता दुसरी बाजू. एका देशाने करार मोडला, न्यायालयाचा आदेशही मानला नाही, तर ज्याचं नुकसान झालं त्या देशाने काय करावं? आंतरराष्ट्रीय न्यायालयापाशी निकाल अंमलात आणणारा बेलिफ नाही. सुरक्षा परिषदेत १९८०च्या जानेवारीत इराणवर निर्बंध घालण्याचा ठराव आला, तो सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने पडला. अशा वेळी कायदा नुकसान झालेल्या देशाला मर्यादित मोकळीक देतो. समोरच्याला ताळ्यावर आणण्यापुरतं, त्याच्याबाबतचं आपलं एखादं बंधन तो तात्पुरतं पाळणं थांबवू शकतो. यालाच प्रतिउपाय म्हणतात.

यात आधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. नुसती नाराजी दाखवायला कायद्याची परवानगी लागत नाही. राजदूत परत बोलावणं, मदत बंद करणं, संबंध तोडणं हे कुठल्याही देशाच्या मर्जीतलं आहे, करार आडवा येत नसेल तर. अमेरिकेने ७ एप्रिल १९८० रोजी इराणशी राजनैतिक संबंध तोडले आणि इराणी अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं, ते या प्रकारात बसतं. प्रतिउपायाचा प्रश्न येतो तो एरवी बेकायदा ठरेल असं पाऊल उचलायचं असतं तेव्हा.

असं पाऊल अमेरिकेने १४ नोव्हेंबर १९७९ रोजी उचललं. इराण आपल्या ठेवी अमेरिकी बँकांतून काढून घेणार अशी बातमी त्या दिवशी आली आणि अध्यक्ष जिमी कार्टर यांनी इराण सरकारची अमेरिकेच्या अखत्यारीतली मालमत्ता गोठवली. ती सुमारे १२ अब्ज डॉलर होती आणि तिच्यात अमेरिकी बँकांच्या परदेशी शाखांतल्या ठेवीही होत्या. दोन्ही देशांत १९५५चा मैत्री करार लागू होता आणि परस्परांच्या मालमत्तेचं रक्षण करण्याचं वचन त्यात होतं. एरवी ही गोठवणूक त्या वचनाच्या आड आली असती. न्यायालयाने तिच्या कायदेशीरपणावर स्वतंत्र निकाल दिला नाही, पण अमेरिकेची ही पावलं इराणच्या गंभीर करारभंगाच्या उत्तरादाखल होती हे नोंदवलं आणि मैत्री करार अजून जिवंत असल्याचंही सांगितलं.

विधी आयोगाने पुढे घातलेल्या अटी या गोठवणुकीला लावून पाहिल्या की त्या समजायला सोप्या जातात. पहिली अट हेतूची. प्रतिउपाय शिक्षा म्हणून करायचा नसतो, समोरच्याने आपलं कर्तव्य पुन्हा पाळावं म्हणून करायचा असतो. इथे अमेरिकेचा हेतू थोडा मिश्र होता. ओलिसांची सुटका हवी होती, तसंच अमेरिकी बँका आणि कंपन्या यांचं इराणकडचं येणंही सांभाळायचं होतं. दुसरी अट प्रमाणाची. झालेलं नुकसान आणि मोडलेल्या हक्काचं मोल या दोन्हींशी उत्तराचा मेळ बसला पाहिजे. पन्नासहून अधिक माणसं डांबून ठेवणं आणि राजनैतिक संरक्षणाचा पायाच उखडणं, यापुढे पैसा अडवून ठेवणं जास्त झालं असं म्हणणं कठीण आहे. तिसरी अट रीतीची. आधी समोरच्याला चूक थांबवायला सांगायचं, आपण काय करणार ते कळवायचं आणि बोलणीची तयारी दाखवायची. हक्क वाचवण्यासाठी तातडीचं पाऊल लागलं तर या क्रमात सूट मिळते आणि ठेवी निघून जाण्याची बातमी आलेली असताना ती सूट लागू पडण्यासारखी होती.

चौथी अट या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची ठरली. उपाय शक्यतो परत फिरवता येण्यासारखा हवा. अमेरिकेने पैसा गोठवला, जप्त केला नाही. जप्त केला असता तर सौद्याला हातात काही उरलं नसतं.

काही गोष्टींना हातच लावायचा नाही

प्रतिउपाय म्हणून काय करायचं नाही, याचीही यादी आहे. बळाचा वापर नाही, मूलभूत मानवी हक्कांना धक्का नाही आणि परक्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अंगाला, वकिलातीला आणि कागदपत्रांना हात नाही. ही शेवटची मनाई तेहरानमुळे ठळक झाली.

इराण न्यायालयात हजर झाला नाही. त्याने पत्रांतून एवढंच कळवलं की ओलिसांचा प्रश्न दुय्यम आहे, खरा प्रश्न अमेरिकेने पंचवीस वर्षं इराणमध्ये केलेल्या हस्तक्षेपाचा आहे. ही तक्रार निराधार नव्हती. १९५३ साली पंतप्रधान मोसादेक यांना हटवणाऱ्या उठावामागे अमेरिका आणि ब्रिटनचे हात होते. न्यायालयाने तरीही उत्तर दिलं की ती तक्रार खरी धरली तरी तिने हे वागणं समर्थनीय ठरत नाही. परदेशी अधिकारी हेरगिरी करतात असं वाटलं तर त्यांना देशाबाहेर काढा, फार झालं तर संबंध तोडा. राजनैतिक कायद्याने हे उपाय त्यासाठीच दिले आहेत. त्यांना डांबून ठेवण्याची मुभा कुठल्याही कारणाने मिळत नाही. वैर टोकाला गेल्यावरच दूताची गरज सर्वांत जास्त असते, हे या नियमामागचं कारण. अमेरिकेनेही रागाच्या भरात इराणी अधिकाऱ्यांना ओलीस धरलं असतं, तर तीही तितकीच दोषी ठरली असती.

बळाच्या बाबतीत अमेरिकेचा पाय घसरला. निकाल यायचा असतानाच, २४ एप्रिल १९८० रोजी तिने ओलिसांना सोडवायला लष्करी मोहीम काढली. ती इराणच्या वाळवंटात फसली आणि आठ अमेरिकी जवान मेले. मोहिमेच्या कायदेशीरपणाचा मुद्दा न्यायालयापुढे नव्हता, पण खटला चालू असताना असं करण्याने न्यायप्रक्रियेचा मान कमी होतो, अशा शब्दांत त्याने नापसंती नोंदवली.

हिशेब कसा मिटला?

ओलीस सुटले ते निकालामुळे नाही. अल्जीरियाच्या मध्यस्थीने १९ जानेवारी १९८१ रोजी तडजोड झाली आणि दुसऱ्या दिवशी, कैदेच्या ४४४व्या दिवशी, उरलेले ५२ जण विमानात बसले. त्या तडजोडीत गोठवलेला पैसाच मुख्य कळ होता. सुमारे ८ अब्ज डॉलर मध्यस्थ खात्यात गेले. त्यातून इराणवरची बँकांची कर्जं फेडली गेली, वादातल्या रकमा बाजूला ठेवल्या गेल्या आणि सुमारे २.९ अब्ज इराणच्या हाती पडले. कंपन्यांचे आणि दोन्ही देशांचे दावे निकाली काढायला हेगमध्ये नऊ सदस्यांचा लवाद बसला. ओलिसांना मात्र इराणकडून भरपाई मागण्याचा हक्क अमेरिकेने त्याच करारात सोडून दिला होता. पुढे २०१५ साली अमेरिकी कायद्याने कैदेच्या दिवसामागे १० हजार डॉलर देण्याची तरतूद केली. तीही इराणकडून वसूल करून नव्हे, तर अमेरिकेतच उभारलेल्या निधीतून.

हा सगळा तपशील आपल्यालाही उपयोगी आहे. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी भारताने १९६०चा सिंधू पाणी करार स्थगित ठेवत असल्याचं जाहीर केलं. भारताने त्यासाठी दिलेली कारणं एकाच चौकटीत बसणारी नाहीत आणि पाकिस्तान ती मान्य करत नाही. त्या वादात कोण बरोबर याचा निवाडा बातमीच्या मथळ्यावरून होत नाही. हल्ला करणाऱ्यांना देशाने हुकूम दिला होता की नियंत्रण ठेवलं होतं, की अडवायचं टाळलं? नंतर त्यांचं कृत्य आपलं म्हटलं का? उत्तरादाखल उचललेलं पाऊल प्रमाणात आहे का आणि उद्या मागे घेता येतं का? यापैकी प्रत्येक प्रश्नाला वेगळा पुरावा लागतो आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही. दोन देशांच्या भांडणाची पुढची बातमी वाचताना हे प्रश्न एकेक करून विचारा. ज्या बाजूची उत्तरं कच्ची निघतील, तिचा आवाज कितीही मोठा असो, तिची बाजू कायद्यात कच्चीच असते.